पाऊस आला की सोलरमुळे आरसीसीबी का पडतो? ट्रान्सफॉर्मरवाला आणि ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टर यांतला फरक समजून घ्या

छतावर सोलर बसवलं, उन्हाळाभर सगळं सुरळीत चाललं. बिल कमी झालं, मोबाईलवरच्या ॲपमध्ये रोजची युनिट दिसायला लागली. मग जूनमधला पहिला जोरदार पाऊस आला आणि मीटरजवळच्या बॉक्समधला आरसीसीबी खाली पडला. वर केला, तर थोड्या वेळाने पुन्हा पडला. ऊन पडलं की सगळं आपोआप ठीक.

अशा वेळी बऱ्याच घरांत एक सल्ला हमखास मिळतो: "हा आरसीसीबीच काढून टाका, कटकट संपेल."

हा सल्ला जिवावर बेतू शकतो. पण आरसीसीबी पडतो म्हणजे सोलरमध्ये बिघाड आहे, असंही दरवेळी नसतं. यामागे आहे लीकेज करंट, आणि तो समजून घ्यायचा तर आधी इन्व्हर्टरच्या पोटात काय आहे ते बघावं लागेल.

आधी एक गोंधळ दूर करूया

आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हटलं की लाईट गेल्यावर पंखे चालवणारा, बॅटरीवाला डबा डोळ्यासमोर येतो. इथे आपण बोलतोय ते छतावरच्या सोलरचा, थेट महावितरणच्या लाईनला जोडलेला इन्व्हर्टर. पॅनलमधून येणाऱ्या डीसी विजेची तो एसी वीज करतो आणि घराच्या वायरिंगमध्ये सोडतो. लाईट गेली की हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. तसा तो पडायलाच हवा, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसेल.

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटसाठी 78 हजार रुपये अनुदान मिळतं आणि त्याहून मोठी सिस्टीम बसवली तरी घरासाठीची रक्कम वाढत नाही. त्यामुळे उदाहरण म्हणून आपण 3 किलोवॅटचंच घर घेऊ.

ट्रान्सफॉर्मर नेमकं काय काम करतो?

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी. एका वेटोळ्यातली वीज दुसऱ्यात जाते ती चुंबकीय क्षेत्रामार्फत. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात.

म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरमध्ये छतावरचे पॅनल आणि महावितरणची लाईन यांच्यामध्ये एक भिंत असते. भिंतीपलीकडून ऊर्जा येते, पण तारेचा सलग रस्ता नसतो.

ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टरमध्ये ही भिंत नसते. इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून डीसीची एसी बनवतात आणि ती थेट लाईनला देतात. पॅनलच्या वायरपासून घरातल्या फेज आणि न्यूट्रलपर्यंत विजेचा सलग रस्ता तयार होतो.

आज घरांसाठी विकले जाणारे बहुतेक सोलर इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरलेसच आहेत. कारण सरळ आहे: वजन, किंमत आणि कार्यक्षमता.

कार्यक्षमतेत किती फरक पडतो?

ट्रान्सफॉर्मर स्वतः थोडी वीज खातो. तांब्यात आणि लोखंडी गाभ्यात उष्णता तयार होते. त्यात गाभ्याचा खर्च ऊन कमी असो की जास्त, साधारण तेवढाच राहतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवशी, जेव्हा मुळात उत्पादनच कमी असतं, तेव्हा हे नुकसान जास्त जाणवतं.

ढोबळमानाने जुन्या धाटणीचा, जड ट्रान्सफॉर्मर असलेला इन्व्हर्टर 94 ते 96 टक्के कार्यक्षमतेने चालतो. ट्रान्सफॉर्मरलेस 97 ते 98 टक्क्यांच्या आसपास असतो.

हे आपल्या घरावर लावून बघू. 3 किलोवॅटची सिस्टीम दिवसाला सरासरी 12 युनिट देते असं धरलं, तर वर्षाला सुमारे 4,400 युनिट होतात. 3 टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला साधारण 130 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर 1,300 रुपये. पॅनलचं आयुष्य 25 वर्षं धरलं जातं, हे लक्षात घेतलं तर रक्कम अगदीच किरकोळ नाही.

दुसरा फायदा भिंतीवर दिसतो. ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टर एक माणूस उचलून टांगू शकतो. त्याच ताकदीचा, जड ट्रान्सफॉर्मर असलेला इन्व्हर्टर टांगायला बहुधा दोघं लागतात. शिवाय तो तापतोही जास्त.

मग भिंत काढून टाकल्याची किंमत कुठे मोजावी लागते? ती मोजावी लागते लीकेज करंटच्या रूपात.

पॅनल स्वतःच एक कपॅसिटर असतो

कपॅसिटर म्हणजे दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर. आता सोलर पॅनल आठवा. आत सिलिकॉनचे सेल, वर काच, मागे प्लास्टिकचा थर आणि चहूबाजूंनी ॲल्युमिनियमची फ्रेम. ही फ्रेम अर्थिंगला जोडलेली. सेल हा एक पत्रा, फ्रेम हा दुसरा, मध्ये काच आणि प्लास्टिक. कोणी मुद्दाम बनवला नाही, तरी कपॅसिटर तयार झालाच.

सिलिकॉन पॅनलमध्ये हा कपॅसिटर दर किलोवॅटमागे साधारण 50 ते 150 नॅनोफॅरडचा असतो. हा आकडा खूप लहान आहे. शिवाय कपॅसिटरमधून डीसी वीज वाहत नाही, त्यामुळे एरवी याने काही बिघडलं नसतं.

पण ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टरमध्ये पॅनल लाईनला थेट जोडलेले असतात. त्यामुळे घरगुती सिंगल फेज इन्व्हर्टरच्या प्रचलित रचनेत पॅनलच्या दोन्ही वायर जमिनीच्या तुलनेत सेकंदाला 50 वेळा वर-खाली होत राहतात. लाईनचे 230 व्होल्ट धरले, तर हा झोका त्याच्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टचा असतो. एसी वीज कपॅसिटरमधून पार होते. हाच तो लीकेज करंट.

तो जातो कुठे? सेलमधून काच ओलांडून फ्रेममध्ये, तिथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत, जमिनीतून तुमच्या भागातल्या महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलपर्यंत आणि लाईनमधून परत इन्व्हर्टरमध्ये. ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरमध्ये हे वर्तुळ पूर्णच होत नाही, कारण मध्ये भिंत असते. म्हणून तिथे लीकेज करंट नगण्य असतो.

पावसात तो वाढतो कसा?

हिशोब एका सूत्रात बसतो:

```
I = 2 × π × f × C × V
```

f म्हणजे 50 हर्ट्झ, V म्हणजे 115 व्होल्ट आणि C म्हणजे पॅनलचा कपॅसिटर. आपल्या घरात किलोवॅटमागे 100 नॅनोफॅरड धरले तर 3 किलोवॅटचे 300 नॅनोफॅरड होतात. उत्तर येतं सुमारे 11 मिलीअँपिअर. कोरड्या, उन्हाच्या दिवशी, कुठेही बिघाड नसताना, इतका करंट अर्थिंगमधून वाहतोय.

आता पाऊस पडला. काचेवर पाण्याचा पातळ थर पसरला आणि तो कडेच्या फ्रेमला टेकला. पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे फ्रेमशी जोडलेला 'पत्रा' आता फक्त कडेला राहिला नाही, पूर्ण काचेवर पसरला. कपॅसिटर मोठा झाला. समजा तो तिप्पट झाला, तर लीकेज करंट होतो सुमारे 33 मिलीअँपिअर.

आता बॉक्समधला आरसीसीबी बघा. त्यावर बहुधा 30 मिलीअँपिअर लिहिलेलं असतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो मोजतो. फरक 15 मिलीअँपिअरच्या खाली असेल तर त्याने पडायचं नाही आणि 30 झाला की पडायलाच हवं, असा त्याचा नियम. मधल्या पट्ट्यात तो कुठेही पडू शकतो.

कोरड्या दिवशी 11 मिलीअँपिअर, म्हणजे तो गप्प. पावसात 33, म्हणजे तो पडणारच. त्यात फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांचाही थोडाथोडा लीकेज करंट असतो. सगळं एकाच आरसीसीबीच्या खाली जोडलेलं असेल, तर पहाटेचं दव पुरेसं ठरू शकतं.

थोडक्यात, इथे पॅनलही ठीक आहेत, इन्व्हर्टरही ठीक आहे आणि आरसीसीबीही ठीक आहे. चुकली आहे ती जोडणी.

मग ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टर धोकादायक आहे का?

अर्थिंग नीट असेल तर नाही. फ्रेम अर्थ केलेली असेल, तर हे 11 किंवा 33 मिलीअँपिअर सोप्या रस्त्याने जमिनीत जातात. तुम्ही पॅनलला हात लावला तरी काही जाणवत नाही.

धोका सुरू होतो तो अर्थिंगची तार सुटली, गंजली किंवा कधी जोडलीच नाही तर. मग करंटला जमिनीपर्यंत रस्ता नाही. ओल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून पॅनल धुणारा माणूस फ्रेमला टेकला, की तोच रस्ता बनतो.

माणसाला साधारण अर्धा मिलीअँपिअर करंट जाणवतो. 10 च्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही, असं होऊ शकतं. 30 च्या वर करंट काही काळ शरीरातून वाहत राहिला तर हृदयाला धोका असतो. आपल्या घरातले 11 आणि 33 हे आकडे या मोजपट्टीवर ठेवून बघा, म्हणजे अर्थिंगचं महत्त्व लक्षात येईल.

इथे एक बारीक गोष्ट हमखास सुटते. पॅनलच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर गंज न चढण्यासाठी ॲनोडायझिंगचा थर असतो आणि हा थर वीज वाहू देत नाही. त्यामुळे पॅनल लोखंडी स्ट्रक्चरवर बसवले म्हणजे अर्थ झाले, असं होत नाही. फ्रेमवर अर्थिंगसाठी ठेवलेल्या भोकात, तो थर फोडणारा दातेरी वॉशर घालून वायर जोडावी लागते. सहा पॅनलपैकी एकाची जोडणी राहिली, तर त्या एकट्या फ्रेमला मुंग्या आल्यासारखा झटका जाणवतो. पॅनल पुसताना 'चुणचुण' होते असं कोणी म्हटलं, तर ती तक्रार तिथेच गांभीर्याने घ्या.

भिंतीच्या जागी काय आलं?

ट्रान्सफॉर्मर काढला, तेव्हा त्याचं काम दोन तपासण्यांकडे आलं. भारतात सोलर इन्व्हर्टरसाठी 'आयएस 16221' हे मानक आहे आणि त्याच्या दुसऱ्या भागात या तपासण्या येतात.

पहिली तपासणी सुरू होण्याआधीची. सकाळी ऊन पडलं की इन्व्हर्टर लाईनला जोडला जाण्याआधी पॅनलच्या वायर आणि जमीन यांच्यातलं इन्सुलेशन मोजतो. एखादी वायर सोलली असेल किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल, तर तो सुरूच होत नाही. स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये `Isolation Fault` किंवा `Low Insulation Resistance` असं काहीतरी दिसतं. प्रत्येक कंपनीचे शब्द थोडे वेगळे असतात.

दुसरी तपासणी चालू असतानाची. लीकेज करंट सतत मोजला जातो. घरगुती आकाराच्या इन्व्हर्टरमध्ये तो 300 मिलीअँपिअरच्या वर गेला, की इन्व्हर्टर 0.3 सेकंदात लाईन तोडतो. पण खरी हुशारी पुढे आहे. करंट अचानक 30 मिलीअँपिअरने उसळला, तरीही तो 0.3 सेकंदात तुटतो. पावसाचं पाणी काचेवर पसरायला वेळ लागतो, त्यामुळे करंट हळूहळू चढतो. माणसाचा हात उघड्या वायरला लागला तर करंट एका क्षणात उसळतो. हा फरक ओळखण्यासाठीच नियमात दोन वेगळ्या मर्यादा आहेत.

ट्रान्सफॉर्मरवाला असता तर निर्धास्त राहता आलं असतं?

पूर्णपणे नाही. भिंत असल्यामुळे पॅनलची एक वायर कुठेतरी फ्रेमला टेकली, तरी करंटला परतीचा रस्ता मिळत नाही आणि काहीच घडत नाही. ऐकायला छान वाटतं. पण म्हणूनच हा पहिला बिघाड लक्षात न येता तसाच राहू शकतो. मग दुसरी वायर दुसरीकडे टेकली, की सहा पॅनलचे मिळून सुमारे 250 व्होल्ट डीसी फ्रेममधून फिरू लागतात. डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही, त्यातून आग लागू शकते.

म्हणून ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरलाही इन्सुलेशन मोजावंच लागतं. फरक इतकाच, की त्याला बिघाडाची सूचना देऊन चालू राहायची मुभा असते. ती सूचना कोणी बघितलीच नाही तर उपयोग शून्य.

ट्रान्सफॉर्मर खरोखर लागतो तो काही खास ठिकाणी. उदाहरणार्थ, काही थिन फिल्म पॅनलच्या कंपन्या पॅनलची एक वायर कायमची अर्थ करायला सांगतात. ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टरमध्ये तसं केलं तर सरळ शॉर्ट होईल. घरावरच्या नेहमीच्या सिलिकॉन पॅनलना सहसा ही गरज नसते.

आरसीसीबी पडत असेल तर कसं ओळखायचं?

वेळ हा सगळ्यात चांगला पुरावा आहे. तीन शक्यता असतात.

दिवसा पाऊस किंवा दव असताना पडतो, उन्हात आणि रात्री पडत नाही, इन्व्हर्टरवर कसलाही एरर नाही: बहुधा पॅनलचा नैसर्गिक लीकेज करंट. जोडणी बदलावी लागेल.

पावसानंतर इन्व्हर्टर स्वतःच `Isolation Fault` दाखवतो, दुपारी सुकल्यावर सुरू होतो: हा खरा बिघाड. कुठेतरी कनेक्टरमध्ये पाणी जातंय किंवा वायरचं आवरण फाटलंय. "सुकलं की चालतो" म्हणून सोडून देऊ नका.

रात्री, सोलर बंद असतानाही पडतो: दोष बहुधा घरातल्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या उपकरणात आहे.

खात्री करायची तर इलेक्ट्रिशियनकडे मिलीअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प मीटर हवा. साधा क्लॅम्प मीटर चालत नाही. इन्व्हर्टरमधून बाहेर येणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायर एकत्र क्लॅम्पमध्ये धरायच्या आणि दुपारी, इन्व्हर्टर चालू असताना आकडा बघायचा. पॅनल पावसाने ओले असताना पुन्हा बघायचा. आकडा हळूहळू चढला आणि सुकल्यावर उतरला, तर कारण सापडलं. हे मोजमाप चालू लाईनवरचं आहे, ते स्वतः करू नका.

उपाय काय?

आरसीसीबी काढणं हा उपाय नाही. तो गेला की गिझरमध्ये किंवा मिक्सरमध्ये बिघाड झाल्यावर तुम्हाला वाचवणारं बॉक्समध्ये काही उरत नाही. अर्थिंगची तार सोडणं तर त्याहून वाईट. तार सोडली की ट्रिप होणं थांबतं, कारण करंटला रस्ताच राहत नाही. मग तो रस्ता पॅनल धुणारा माणूस बनतो.

योग्य उपाय म्हणजे इन्व्हर्टरची लाईन घराच्या 30 मिलीअँपिअर आरसीसीबीच्या खाली न जोडता, मीटर आणि तो आरसीसीबी यांच्यामध्ये वेगळ्या एमसीबीवरून जोडणं. म्हणजे पॅनलचा लीकेज करंट घराच्या आरसीसीबीला दिसणारच नाही आणि सॉकेटचं 30 मिलीअँपिअरचं संरक्षण जसंच्या तसं राहील. इन्व्हर्टरच्या लाईनवर स्वतंत्र आरसीसीबी हवा असेल, तर तो इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा घ्यायचा. अनेक पुस्तिकांमध्ये 100 किंवा 300 मिलीअँपिअर लिहिलेलं असतं.

क्षमतेइतकाच प्रकारही महत्त्वाचा. साध्या 'एसी' टाईपच्या आरसीसीबीला डीसी लीकेज दिसत नाही, उलट त्यामुळे तो सुन्न पडून खरा शॉकही ओळखू शकत नाही. मध्ये भिंत नसल्यामुळे ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टरमध्ये बिघाड झाल्यावर पॅनलचं डीसी इकडे येऊ शकतं. म्हणून तिथे 'बी' टाईप लागतो. तो बराच महाग असतो. आमच्या इन्व्हर्टरमधून डीसी बाहेर पडू शकत नाही असं कंपनीने लेखी दिलं असेल, तर 'ए' टाईप चालतो.

सोलर बसवणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा

1. इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरलेस आहे का, आणि पुस्तिकेत कोणत्या टाईपचा, किती मिलीअँपिअरचा आरसीसीबी सांगितलाय?
2. इन्व्हर्टरची लाईन घराच्या आरसीसीबीच्या आधी जोडणार की नंतर?
3. प्रत्येक पॅनलची फ्रेम स्वतंत्रपणे अर्थ केली आहे का? फोटो दाखवा.
4. अर्थ पिटचा रेझिस्टन्स मोजला का, आणि आकडा किती आला?

सिस्टीम आधीच बसलेली असेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पावसाळ्याआधी तपासून घ्या. आणि पॅनल धुवायचे असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, इन्व्हर्टरची एसी लाईन बंद करूनच धुवा. ती बंद केली की 115 व्होल्टचा झोका थांबतो. पॅनलच्या वायरमधलं डीसी मात्र उजेड असेपर्यंत राहतंच, त्यामुळे कनेक्टरना हात लावू नका.